सेहरीला दोन लिटर पाणी पिऊनही दुपारी घसा का सुकतो?

प्रश्न : सोलापुरात टॉवेलच्या मागावर काम करतो, पाळी सकाळी ८ ते रात्री ८. वय ३६, वजन ७२ किलो. रमजानचा पहिला आठवडा दुपारी दोन-तीननंतर डोकं ठणकतं, नंतर ते थांबतं. पण घसा सुकणं आणि गडद पिवळी लघवी महिनाभर असते. सेहरी संपायच्या आधी मी जवळजवळ दोन लिटर पाणी पितो, तरी हा प्रकार. एरवी दिवसाला पाच-सहा कप चहा लागतो. सेहरीला दूध-फेण्या नाहीतर रात्रीची बिर्याणी, आणि इफ्तार शेडमध्येच भजी-सरबतावर. काय चुकतंय? आईला शुगर आहे, तिनेही तुम्ही सांगाल तसंच करावं का?

उत्तर : सेहरीच्या दोन लिटरपासून सुरुवात करते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून वीस वर्षं काम करते आणि रोजेही धरते, त्यामुळे ही चूक मी रुग्णांमध्ये पाहिली आहे तशी स्वतःही केली आहे. २०१८ सालचा रमजान मे-जूनमध्ये होता. एका पहाटे जाग यायला उशीर झाला, सेहरी संपायला जेमतेम दहा-बारा मिनिटं उरली होती. मी दीड लिटरची बाटली उभ्या उभ्या रिकामी केली आणि फजरच्या नमाजआधी सगळं पाणी उलटून पडलं. आपोआप झालेल्या उलटीने रोजा मोडत नाही, पण पाणी गेलं ते गेलंच. तो दिवस मला अजून आठवतो.

उलटी झाली नाही तरी ते पाणी टिकत नाही. साधं पाणी पोटातून भराभर उतरतं आणि थोड्याच वेळात रक्तात मिसळायला लागतं. रक्त किंचित पातळ झालं की लघवी रोखून धरणारं संप्रेरक मेंदू कमी करतो आणि मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर सोडायला लागतात. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं तासाला पाऊण ते एक लिटर पाणी सहज काढून टाकतात. म्हणजे साडेपाचला सेहरी संपली, तर आठला पाळीवर जाईपर्यंत त्या दोन लिटरमधला बराचसा भाग गटारात गेलेला असतो. आठवून बघा, सहाला, पावणेसातला आणि निघता निघता परत एकदा असे तीन वेळा तुम्ही जाऊन येत असाल, आणि प्रत्येक वेळी लघवी पाण्यासारखी पांढरी असेल. आपलं शरीर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, गरजेपेक्षा जास्त पाणी ते साठवून ठेवत नाही. कमी पडलेलं भरून घेतं आणि उरलेलं सोडून देतं.

आता रात्रीकडे बघू. संध्याकाळी इफ्तारच्या वेळी तुमचं शरीर दीड-दोन लिटरने मागे असतं. त्या वेळी दिलेलं पाणी ते खरोखर धरून ठेवतं, कारण त्याला हवं असतं. तुम्ही मात्र तेव्हा एक ग्लास सरबत आणि भजी घेता. भज्यांनी पोट गच्च होतं, पाणी जात नाही, मग तरावीह, मग झोप. तूट भरून निघायचा जो वेळ, तोच कोरडा जातो. पहाटे शरीर अजून मागेच असतं, आणि त्यावर एकदम दोन लिटरचा मारा होतो. तेवढ्या पाण्यातलं थोडंसंच कामी येतं.

म्हणून पाणी किती यापेक्षा कधी हे आधी ठरवा. तुमच्या पाळीत बसेल अशी एक साधी पद्धत सांगते. मार्चच्या सुरुवातीला सोलापुरात इफ्तार साडेसहाच्या आसपास असतो. मागाजवळ सावलीत एक लिटरची भरलेली बाटली ठेवा. रोजा सोडल्यापासून आठला पाळी सुटेपर्यंत ती संपली पाहिजे. एका दमात नाही, इफ्तारला दोन पेले आणि उरलेलं काम करता करता अर्धा-अर्धा पेला. तरावीहला जाताना थोडं आणि आल्यावर जेवताना-झोपेपर्यंत मिळून पाऊण लिटर. सेहरीला अर्धा ते पाऊण लिटर, तेही उठल्याबरोबर एक पेला आणि बाकीचं खाण्यासोबत. एकूण सव्वादोन-अडीच लिटर होतं. शिवाय डाळ, ताक, कलिंगड, काकडी यांतलं पाणी वेगळं. म्हणजे पाणी तुम्हाला फार वाढवायचं नाही, त्याची जागा बदलायची आहे.

झोपताना पाणी प्यालं तर रात्री उठावं लागेल, अशी तक्रार येईलच. एकदा उठावं लागेल, ते चालेल. दोनपेक्षा जास्त वेळा उठावं लागत असेल तर शेवटचा पेला झोपण्याआधी तासभर अलीकडे आणा.

हे बरोबर चाललंय का, ते कळायला वजनकाट्यासारखं दुसरं साधन नाही. आमच्याकडे एक मागवाले येत असत, वय चाळिशीचं, तुमच्यासारखीच बारा तासांची पाळी. त्यांना मी दोन वेळा वजन करायला लावलं. सेहरी आणि लघवी आटोपल्यावर एकदा, आणि इफ्तारच्या आधी त्याच कपड्यांत, घाम पुसून एकदा. शेडजवळच्या किराणा दुकानदाराचा काटा त्यांनी ठरवून टाकला होता. पहिल्या दिवशी सकाळी ७२.६ भरले आणि संध्याकाळी ७०.९. म्हणजे १.७ किलो गेले. मधे अन्नपाणी काहीच पोटात गेलेलं नसल्यामुळे हा जवळपास सगळा घाम, लघवी आणि श्वासावाटे गेलेल्या पाण्याचा हिशोब आहे, पाव-एक किलो काय ते शरीराने जाळलेलं इंधन. वजनाच्या मानाने हे सव्वादोन टक्के होतं. सुट्टीच्या दिवशी घरी बसून केलेल्या रोज्यात त्यांचं वजन एक किलोनेच उतरलं. थोडक्यात, शेडच्या उष्म्याची किंमत पाऊण किलोच्या आसपास होती.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. सेहरीनंतर काटा ७२.१ वर थांबला, तिसऱ्या दिवशी ७१.६ वर. ते खूश झाले, म्हणाले वजन उतरतंय. मी म्हटलं, दोन रात्रींत किलोभर चरबी जात नसते, हे पाणी आहे. रोज रात्री अर्धा लिटर भरायचा राहतोय आणि उधारी वाढत चाललीय. पाण्याची वेळ बदलल्यावर सकाळचं वजन चार दिवसांत ७२.४ वर आलं आणि पुढे तिथेच राहिलं. तुम्हीही एवढंच बघायचं. संध्याकाळचं वजन उतरणारच, त्याला घाबरू नका, पण रोज सकाळी सेहरीनंतर ते परत जागेवर आलं पाहिजे. महिन्याभरात हळूहळू किलो-दीड किलो उतरलं तर हरकत नाही, तीन दिवसांत उतरलं तर पाणी कमी पडतंय.

त्यांनी कामातही एक बदल केला, तो सांगण्यासारखा आहे. बीम चढवणं, टॉवेलचे गठ्ठे उचलणं अशी अंगमेहनतीची कामं त्यांनी सकाळी अकराच्या आत उरकायला सुरुवात केली. दुपारी फक्त मागावर नजर ठेवणं आणि तुटलेले धागे जोडणं. मालकाने याला हरकत घेतली नाही, कारण मालकालाही दुपारी काम धिमंच होतं हे माहीत होतं. त्यानंतर त्यांची दिवसाची घट १.७ वरून १.३ वर आली. ओला पंचा मानेवर ठेवणं, दुपारच्या वजूला हात-तोंड-पाय नीट गार करून घेणं, याने पाणी शरीरात जात नाही हे खरं, पण घाम कमी यायला मदत होते.

आता डोकेदुखी. ती तहानेची नाही असं मला वाटतं, आणि कारण तुमच्याच सांगण्यात आहे. तहान महिनाभर राहते आणि डोकं मात्र आठवड्याने थांबतं. पाण्याची कमतरता कारण असती तर तेही महिनाभर दुखलं असतं. हा चहा आहे. रोज पाच-सहा कप चहाची सवय असलेल्या माणसाने एकदम चहा सोडला की शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट जातात आणि आठवडाभरात मेंदू नव्या मापाला सरावतो. आदल्या रात्री दहाला शेवटचा चहा घेतला असेल तर दुपारचे दोन म्हणजे सोळा तास. हिशोब अचूक जुळतो.

यावर उपाय रमजान सुरू व्हायच्या आधीच करावा लागतो. चांद दिसायच्या दहा-बारा दिवस आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा, दुपारचे आधी कमी करा. रमजान लागेपर्यंत सकाळी एक आणि संध्याकाळी एक एवढंच उरलं पाहिजे. मग रोज्यात ते दोन कप इफ्तारच्या जेवणानंतर आणि सेहरीला असे बसवता येतात. रमजान सुरू झाला असेल आणि डोकं धरायला लागलं असेल, तर सेहरीला एक छोटा कप घ्या. चहाने सगळं पाणी लघवीवाटे निघून जातं असं सर्रास सांगितलं जातं. रोज चहा पिणाऱ्यात तसं फारसं होत नाही. एका कपाचं भय बाळगू नका. फक्त तो पाण्याऐवजी नको, पाण्याशिवाय वेगळा.

बाकी सेहरी म्हणजे दूध-फेण्या किंवा बिर्याणी. दोन्ही मला आवडतात, पण पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या सेहरीला दोन्ही नाहीत. फेण्या म्हणजे मैदा, तूप आणि वर साखर. साखर रक्तात पटकन चढते, इन्सुलिन तिला खाली ओढतं आणि साडेनऊ-दहाला पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. बिर्याणीची अडचण वेगळी. रात्रीच्या बिर्याणीत मीठ भरपूर असतं, सोबत लोणचं-पापड असेल तर आणखी. रक्तातलं मीठ एक-दोन टक्क्यांनी जरी गाढ झालं तरी मेंदू तहान लावतो, आणि तुम्हाला तर दिवसभर पिता येत नाही. शिवाय मटण जास्त खाल्लं की त्यातल्या प्रथिनांचा उरलेला कचरा, म्हणजे युरिया, बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी लागतं. तेही तुमच्याच साठ्यातून जातं.

याचा अर्थ सेहरी अळणी करा असा मात्र नाही, आणि इथे बरेच जण उलट्या टोकाला जातात. मिठाशिवाय पाणी शरीरात थांबत नाही. रोजच्या डाळीत, भाजीत असतं तेवढं मीठ आणि त्यासोबत पाणी, असं असेल तर पाणी पोटातून हळू उतरतं आणि रक्तात जास्त वेळ टिकतं. नुसतं पाणी आणि खाण्यासोबतचं पाणी यात हाच फरक आहे. म्हणून पाणी ताटासोबत घ्या.

तुमच्या अंगमेहनतीला पुरेल अशी सेहरी म्हणजे दीड-दोन ज्वारीच्या भाकरी, मोठी वाटी घट्ट वरण किंवा आमटी, दोन उकडलेली अंडी नाहीतर वाटीभर दही, थोडी काकडी आणि शेवटी एक केळं. भाकरी आणि डाळ हळूहळू पचतात, त्यामुळे साखर दुपारपर्यंत बेताबेताने रक्तात येत राहते. अंडी-दह्याने भूक मागे ढकलली जाते. घरी खिचडी-खट्ट्याची सवय असेल तर खिचडीसुद्धा उत्तम आहे. मुगाची डाळ तांदळाच्या निम्मी तरी घाला, चिंचेच्या खट्ट्यात मीठ बेताचं ठेवा आणि सोबतचा पापड तेवढा काढून टाका. फेण्या सोडवत नसतील तर त्या इफ्तारनंतरच्या जेवणात घ्या, एक वाटी. भाकरी पहाटे कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे भाकरी रात्रीच थापून कापडात गुंडाळून ठेवतात, डाळ फक्त गरम होते. पंधरा मिनिटांत ताट मांडलं जातं.

आणि सेहरी खरोखर सेहरीच्याच वेळी करा. रात्री बारा-साडेबाराला भरपेट जेवून झोपणारे आणि पहाटे फक्त पाणी पिऊन नियत करणारे तरुण मी दरवर्षी पाहते. मार्चमध्ये साडेपाच ते साडेसहा असा रोजा तेरा तासांचा असतो. हे लोक स्वतःच तो अठरा तासांचा करून घेतात. सेहरी शेवटच्या वेळेपर्यंत लांबवण्याची शिकवण आहे, आणि पोटाचं शास्त्रही तेच सांगतं. फक्त शेवटची वेळ म्हणजे सूर्योदय नव्हे, फजरची वेळ लागते तो क्षण, आणि तो सूर्योदयाच्या सव्वा तास आधीच येतो. मशिदीचं वेळापत्रक भिंतीला लावा आणि चाळीस मिनिटं आधीचा गजर ठेवा. माझ्यासारखी उभ्याने बाटली रिकामी करायची वेळ येणार नाही.

इफ्तारला एका जागी मी हट्ट धरते. भजी नकोत असं मी म्हणत नाही. शेडमध्ये पंचवीस जण एका दस्तरखानावर बसलेले असताना तुम्ही एकटे काकडी चघळत बसलात तर ते कोणालाच बरं दिसणार नाही. माझा हट्ट एवढाच की भजी पहिल्या दहा मिनिटांत नकोत. रोजा तीन खजूर आणि एक पेला साध्या पाण्याने सोडा, पाणी माठातलं असलं तर उत्तम. एका मध्यम खजुरात पाच-सहा ग्रॅम साखर असते. तिन्हींची मिळून पंधरा ते अठरा ग्रॅम होते, तेवढ्याने डोकं ताळ्यावर येतं. त्यावर दुसरा पेला घेऊन मगरिबची नमाज पढा. परत येईपर्यंत पोटाला जाग आलेली असते, पाणी खाली उतरलेलं असतं, आणि खाण्याची हाव निम्मी झालेली असते. मग कलिंगड, खरबूज, चणे, आणि त्यानंतर दोन भजी खुशाल खा. आधी भजी खाल्ली तर ती पोटात तासन्‌तास बसतात, वर पाणी जात नाही, आणि तरावीहच्या दुसऱ्या रकातीत आंबट ढेकर येतो. तो पित्ताचा त्रास रोज्यामुळे होतो असं लोक समजतात. बहुतेकदा तो तळणामुळे आणि जेवून लगेच आडवं होण्यामुळे असतो.

गुलाबी सरबताबद्दल. ते गोड पाकात बर्फ आणि सब्जा असं असतं आणि ग्लासमागे ग्लास जातात. फार गोड पेय पोटातून सावकाश उतरतं, त्यामुळे तहानलेल्या माणसाला ते साध्या पाण्यापेक्षा उशिरा मिळतं. शिवाय सगळी भूकही तिथेच मरते. एक ग्लास घ्या, त्यात पाक नेहमीच्या निम्मा, आणि पाण्याच्या दोन पेल्यांनंतर. फार घाम गेलेल्या दिवशी त्यापेक्षा लिंबाचं पाणी चांगलं : पेलाभर पाण्यात एक चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि अर्धं लिंबू. पाकिटातली क्षारसंजीवनी रोज घ्यायची गरज नाही. ती जुलाबासाठी आहे. धडधाकट माणसाचं मीठ डाळीतून आणि भाकरीतून भरून निघतं.

रात्रीचं जेवण पाळी सुटल्यावर, तरावीहच्या आधी हलकं किंवा नंतर साडेदहाच्या आत. भात किंवा भाकरी, डाळ, भाजी, मटण-मासा असेल तर दोन-तीन तुकडे. यावर जास्त लिहीत नाही, घरात जे शिजतं तेच चालतं. एक सांगते : रमजानमध्ये भाजी ताटातून गायब होते आणि दुसऱ्या आठवड्यात पोट साफ होईनासं होतं. इसबगोल घेणार असाल तर एका चमच्यामागे पूर्ण पेला पाणी प्याच. कमी पाण्यात इसबगोल उलट घट्ट बसतो.

आता कधी थांबायचं ते. घसा सुकणं, थोडी सुस्ती, दुपारी लघवी पिवळी होणं हे रोज्यात येतंच. पण उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आधी सावलीत आडवे व्हा, पाय उंच करा. दहा-पंधरा मिनिटांत ते गेलं नाही, किंवा पोटऱ्यांत एकामागून एक गोळे येत असतील, उलट्या होत असतील, बोलताना शब्द अडखळत असतील, शेडच्या उष्म्यात अंग तापून घामच येईनासा झाला असेल, तर रोजा सोडायचा आणि पाणी प्यायचं. भान हरपत असेल तर पाण्याने अंग गार करत लगेच दवाखाना गाठायचा, कारण उष्माघातात मिनिटं मोलाची असतात. आठ-दहा तासांत लघवीच झाली नाही किंवा ती काळ्या चहासारखी दिसली, तरी थांबू नका. कुरआनातच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट दिलेली आहे, राहिलेला रोजा नंतर कजा म्हणून धरता येतो. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी रात्रीचं पाणी कमी पडू देता कामा नये. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी हे पाण्याचं माप माझ्याकडून घेऊ नये, त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं माप वेगळं असतं.

तुमच्या आईंनी हेच करावं का? नाही. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक गोळ्यांचा आहे. शुगरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन बाहेर ढकलत राहतात. नेहमीची सकाळची गोळी सेहरीला घेतली तर साखर दुपारी धोक्याइतकी खाली येऊ शकते. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांना हा धोका आणखी मोठा. काही नव्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, साखर लघवीवाटे काढतात आणि सोबत पाणीही नेतात. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिचंही तेच. कुठली गोळी इफ्तारला न्यायची, कुठली निम्मी करायची, कुठली महिनाभर थांबवायची, हे त्यांच्या डॉक्टरांशी बसून रमजानच्या महिना-दीड महिना आधी ठरवावं लागतं. स्वतःच्या मनाने गोळी पुढेमागे करू नका, आणि बंद तर मुळीच करू नका. गेल्या तीन महिन्यांत साखर खूप उतरून चक्कर आली असेल, इन्सुलिन दिवसातून अनेकदा लागत असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील, तर डॉक्टर बहुधा रोजा नको म्हणतील. तेव्हा आईंना समजावणं तुमच्याकडे येईल. मशिदीच्या इमामांना सोबत घेतलंत तर सोपं जातं. फिदया कसा द्यायचा हे तेच सांगतील.

डॉक्टरांनी परवानगी दिली, तर घरात साखर तपासायचं यंत्र हवं. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काढल्याने रोजा मोडत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे. तरीही अनेक आया याच भीतीने तपासत नाहीत, म्हणून हे त्यांना आधी सांगा, जमलं तर इमामांच्या तोंडून. सकाळी दहा-अकराला एकदा, दुपारी तीन-चारला एकदा आणि इफ्तारनंतर दोन तासांनी एकदा तपासा. हात थरथरले, घाम फुटला, बोलणं विसंगत वाटलं तर वेळ न बघता त्याच क्षणी तपासा. आकडा ३०० च्या वर गेला तर रोजा सोडून पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. ७० च्या खाली आला तर लगेच तीन खजूर किंवा पाण्यात विरघळवलेली तीन-चार चमचे साखर द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. मगरिबच्या अजानला पाच मिनिटं उरली असली तरी थांबू नका.